फोटोतले निळे केस

“माझी मुलगी १९ वर्षांची आहे. मैत्री तुटल्यापासून रोज फोनमध्ये स्वतःच्या फोटोला निळे केस लावून बघत बसते. आता खरंच रंगवायचे म्हणते. तिचं काही बिनसलंय का? मी अडवू का?”

दोन वर्षांपूर्वी एक आई अशाच काळजीने लेकीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. मी आधी मुलीशी एकटीशी बोलले. झोप, जेवण, कॉलेज सगळं सुरळीत होतं. मित्राशी तुटल्यामुळे रडू येत होतं, पण त्याबद्दल ती मोकळेपणी बोलत होती. फोटोवर रंग लावून बघणं मला तरी शहाणपणाचंच वाटलं. रात्री अडीचला रडत हातात कात्री घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, ही मात्र थांबून बघत होती.

तिने फोटो दाखवला आणि मला एक गोष्ट खटकली. त्या अ‍ॅपने केसांबरोबर चेहराही बदलला होता. त्वचा नितळ, रंग उजळ, डोळे मोठे. मी विचारलं, “यातलं तुला नक्की काय आवडतंय?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “यात मी रडलेली वाटत नाही.”

आठवडाभर करायला मी तिला एकच काम दिलं. सकाळी खिडकीशी उभं राहून, चेहरा सुधारणारी सगळी सोय बंद करून साधा फोटो काढायचा. एक केस मोकळे सोडून, एक कॉलेजला जाते तशी वेणी घालून. त्यावर फक्त रंग चढवायचा, कुणालाही पाठवायचा नाही आणि रोज एकदाच बघायचा. कुणाला पाठवला की आवड आपली की समोरच्याची, हेच कळेनासं होतं. तिसऱ्या दिवशी तिने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, हा फोटो मी त्याने बघावा म्हणून काढत होते.” पाचव्या दिवशी पूर्ण निळं डोकं तिला परकं वाटायला लागलं. वेणीतून डोकावणारी निळी बट मात्र तेवढीच आवडत राहिली.

फोटो इथवरच उपयोगी पडला. पुढचं त्याला सांगता येत नाही, आणि घरोघरी फसगत होते ती इथेच. अ‍ॅप काळ्या केसांवर निळा थर चढवतं. खऱ्या काळ्या केसांवर निळा रंग जेमतेम दिसतो, म्हणून आधी ब्लीच करून केस फिकट पिवळे करावे लागतात. पिवळेपणा जास्त उरला तर त्यावर निळा हिरवट दिसतो. ब्लीचने केस कोरडे होतात, तुटू शकतात. फोटोतली चमक मात्र तशीच राहते. असा भडक रंग काही आठवड्यांत धुऊन फिका होतो, आणि केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढत असल्याने मुळाशी काळी पट्टी दिसू लागते.

तिने आधी पाकिटातली काळी मेंदी लावली होती. पार्लरमधल्या ताईंनी ते विचारून घेतलं, हे फार बरं झालं. काही तयार मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर ब्लीच पडलं तर केस तापून जळू शकतात. ताईंनी मानेजवळची एक पातळ बट कापून तिच्यावर ब्लीच आणि रंग लावून पाहिला. बट तापली नाही, पण मेंदी होती तिथे नारिंगी तपकिरी राहिली आणि निळा मळकट हिरवा झाला. मुळाकडचे नव्याने वाढलेले केस स्वच्छ निघाले. कानामागे रंगाचा ठिपका लावून ४८ तास वाट पाहिली, खाज आली नाही, पुरळ उठलं नाही.

ती बट टाचणीने कागदाला लावून मुलगी माझ्याकडे घेऊन आली. निम्मी निळी, निम्मी शेवाळी. आई शेजारीच बसली होती. बट हातात घेऊन म्हणाली, “वरचा रंग छान आहे गं.” महिनाभरात त्यांचं हे पहिलं भांडणाविना बोलणं होतं. मुलीने मेंदी लागलेली लांबी कापून केस खांद्यापर्यंत आणले आणि मानेवरच्या आतल्या थरात एक बोटभर पट्टा रंगवून घेतला.

म्हणून तुम्हाला सांगते, अडवू नका. तिच्याशेजारी बसून फोटो बघा आणि यातलं काय आवडतं ते विचारा. ती आरसा टाळत असेल, फिल्टरशिवायचा स्वतःचा चेहरा बघवत नसेल, तासन्‌तास फोटोच बघण्यात जात असतील किंवा झोप आणि जेवण तुटलं असेल, तर मात्र तिला घेऊन समुपदेशकाकडे या. तेव्हा केसांचा विषय बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोलावं लागेल.