369 विषम आला तरी कर्क्युमिनमध्ये नायट्रोजन का नाही

प्रश्न: हळदीच्या अर्काचा एलसी-एमएस केला, मुख्य पीक 369 ला आला. नायट्रोजन रूलप्रमाणे विषम आकडा म्हणजे नायट्रोजन असायला हवा ना? सर म्हणतात हे कर्क्युमिनच आहे, पण त्यात तर नायट्रोजन नाही. मग नियम चुकतो का?

उत्तर:

नियम बरोबर आहे, पण तो 369 ला लावायचा नाही. तो रेणूच्या वस्तुमानाला लागतो, आणि 369 हे रेणूला एक प्रोटॉन चिकटून झालेल्या आयनचं वस्तुमान आहे, म्हणजे [M+H]+. त्यातून एक वजा करा, 368 उरतात. कर्क्युमिन C21H20O6 चं वस्तुमान तेवढंच, आणि ते सम आहे.

मी सांगलीत तासगावकडच्या द्राक्षांचे नमुने तपासते. तिथे नेमकं उलटं चित्र रोज दिसतं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक 192 ला येतं. आकडा सम, म्हणून नायट्रोजन नाही असं कुणी म्हटलं तर फसेल. एक वजा केला की 191, विषम. आणि C9H9N3O2 मध्ये नायट्रोजन तीन आहेत.

असं का होतं ते संयुजेवरून समजतं. कार्बनचं वस्तुमान 12 आणि संयुजा 4, ऑक्सिजनचं 16 आणि 2, सगळं सम. हायड्रोजनचं 1 आणि 1, क्लोरीनचं 35 आणि 1, सगळं विषम. नायट्रोजन मात्र वस्तुमानाने सम, 14, आणि संयुजेने विषम, 3. आता प्रत्येक बंधाला दोन टोकं असतात, त्यामुळे पूर्ण रेणूत सगळ्या संयुजांची बेरीज समच येते. बाकीच्या अणूंमुळे वस्तुमानाची बेरीजही तिच्याबरोबर समच राहते. एकेक नायट्रोजन आला की ती एकदा पलटते. मिथेन 16, अमोनिया 17, हायड्राझीन 32. म्हणून विषम वस्तुमान म्हणजे नायट्रोजन एक, तीन किंवा पाच. सम म्हणजे शून्य, दोन किंवा चार. सम आला की नायट्रोजन नाहीच, असं लिहून मोकळं होऊ नका. चहातलं कॅफिन 194 आहे आणि त्यात चार नायट्रोजन आहेत.

369 हा खरंच [M+H]+ आहे का, हे त्याच स्पेक्ट्रममध्ये बघता येतं. काचेतून, सॉल्व्हंटमधून थोडं सोडियम येतंच, त्यामुळे बऱ्याचदा 391 ला एक छोटा पीक असतो. प्रोटॉनच्या जागी सोडियम, म्हणजे 22 चा फरक. हा फरक सापडला की रेणू 368 चा हे पक्कं. निगेटिव्ह मोडला 367 मिळाला तर आणखी चांगलं. हळदीत कर्क्युमिनची दोन भावंडंही असतात, 339 आणि 309 ला. तिन्ही आकडे विषम आणि तिघांतही नायट्रोजन नाही.

जीसी-एमएसवर गेलात तर अडचण वेगळी येते. तिथे M+• दिसतो, त्यामुळे काही वजा करायचं नसतं. पण तुकडे खूप असतात. हळदीच्या तेलातल्या आर-टर्मेरोनचं (C15H20O) वस्तुमान 216 आहे, आणि ठळक दिसणारे तुकडे 83, 119, 201, सगळे विषम. रेणूतून एक रॅडिकल निघून गेलं की उरलेल्या आयनमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या सम होते, आणि नायट्रोजन नसलेला असा आयन विषम वस्तुमानाचाच असतो. सुरुवातीच्या दिवसांत एका फिकट नमुन्यात मी 216 ला बेसलाइनमधला आवाज समजले, 201 ला रेणू धरलं आणि अहवालाच्या मसुद्यात "नायट्रोजन: एक" लिहून बसले. दुसऱ्या दिवशी नमुना जास्त घालून पुन्हा चालवला तेव्हा 216 स्वच्छ उभा राहिला, शेजारी 217 ला त्याच्या साधारण सोळा टक्के उंचीचा पीक. पंधरा कार्बनांच्या रेणूत कार्बन-13 मुळे तो तेवढा येणारच. 216 आणि 201 मधला फरक 15, म्हणजे एक मिथाइल गेलं. तेव्हापासून शेवटचा मोठा पीक दिसला तरी त्याच्या वर 15, 18, 28 अंतरावर काही आहे का हे मी आधी बघते, मग सम-विषम.

आणखी एक जागा जपायची, मोठे रेणू. हायड्रोजनचं नेमकं वस्तुमान 1.0078 आहे, आणि अणू शंभराच्या वर गेले की हा वरचा अंश साचतो. शेंगदाणा तेलातल्या ट्रायोलीनचं (C57H104O6) पूर्णांकी वस्तुमान 884, पण यंत्रावर काढलेलं 884.78 येतं. ते 885 केलंत की आकडा विषम झाला आणि नसलेला नायट्रोजन दिसू लागला. तुमच्या 369 ला ही भीती नाही. कर्क्युमिनचा [M+H]+ 369.133 ला येतो.

तुमच्या स्पेक्ट्रममध्ये 391 ला काही दिसतंय का ते बघून खाली लिहा. नसेल तर निगेटिव्ह मोडचा स्पेक्ट्रम टाका, त्यावरून ठरवता येईल.