मुद्रा कर्ज मुलीच्या नावावर, निर्णय कोणाचा?

*माझी मुलगी बी.कॉम. झाली आहे. बँकेच्या परीक्षा देते, दोनदा प्रिलिम्सलाच अडकली. दीड वर्षापासून घरी ब्लाउज शिवते. सणासुदीला महिन्याला 25 होतात, एरवी 8-10. खर्च जाऊन एका ब्लाउजमागे 300 रुपये सुटतात. तिच्या नावावर 3 लाखांचं मुद्रा कर्ज काढून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचं मी ठरवलं आहे. ती "एवढं नको" म्हणते, पण तिला धंद्यातलं काय कळतं? सरकारची गॅरंटी असते, धंदा बुडाला तरी आपल्या अंगावर येत नाही, असं ओळखीचे एक जण म्हणाले. पतपेढी 10 टक्क्यांनी द्यायला तयार आहे. कुठून घ्यावं? – एक वडील, लालबाग*

कुठून घ्यावं ते नंतर बघू. कर्जावर सही मुलीची, हप्ता तिच्या शिलाईतून जाणार आणि ठरवलंत मात्र तुम्ही! धंद्यातलं कळणारं माणूस तुमच्या घरात एकच आहे, आणि ते "एवढं नको" म्हणतंय. कुठली बाई उधारी ठेवते, पितृपक्षात काम किती आटतं, हे तिला दीड वर्षाच्या अनुभवातून माहीत आहे. तिने घाबरून नाही म्हटलं असं तुम्ही धरून चाललात. मला ते हिशेबातून आलेलं वाटतं.

आता ती गॅरंटी. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही आणि त्याला सरकारी हमी निधीचं पाठबळ असतं, हे खरं. पण ती हमी बँकेला असते, तुमच्या मुलीला नव्हे. कर्ज थकलं तर बँक निधीकडून आपल्या नुकसानीचा काही भाग मागू शकते. मुलीची देणेदारी त्याने संपत नाही आणि वसुली चालूच राहते. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, त्याची नोंद होते. तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट पुढे आहे: कर्ज थकवल्याची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीला अपात्र, अशी अट स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत असते. म्हणजे ज्या नोकरीसाठी मुलीला अभ्यासाला बसवताय, तिचाच दरवाजा हे कर्ज बंद करू शकतं. मुद्रामध्ये सबसिडीही नाही. घेतलेला रुपया व्याजासकट फेडायचा असतो.

हप्ता झेपेल का, हे दिवाळीच्या महिन्यावरून ठरवू नका, सगळ्यात मंद महिन्यावरून ठरवा. 3 लाख, 5 वर्षं, व्याज 12 टक्के धरलं तर हप्ता साधारण 6,675 रुपये येतो. मंदीच्या महिन्यात 8 ब्लाउजचे सुटतात 2,400. चांगल्या महिन्यात 25 ब्लाउजचे 7,500 येतील, त्यातून हप्ता गेला की हातात जेमतेम सव्वाआठशे. एम्ब्रॉयडरीचे पैसे वेगळे मिळतील, असं तुम्ही म्हणाल. मिळतील, गिऱ्हाईक असेल तर. शिवाय डिझाइनचं पंचिंग, म्हणजे मशीनला कळेल अशी त्याची फाइल बनवणं, शिकावं लागतं किंवा विकत घ्यावं लागतं, आणि त्या मशीनला जागा लागते. आवाजाबद्दल चाळीतले शेजारी काय म्हणतील ते तुम्हीच जाणता.

गिऱ्हाईक आहे का, हे कर्ज न काढताही कळतं. एक लग्नसराई तिने एम्ब्रॉयडरीच्या ऑर्डर घ्याव्यात आणि काम धारावीतल्या एखाद्या कारखान्यातून जॉबवर करून आणावं. बायका जास्तीचे पैसे देतात का आणि जॉबवाल्याला देऊन उरतं किती, हे वहीत लिहावं. मंद महिन्यातही उरत असेल तर मोठ्या मशीनचा विषय पुन्हा काढा.

तोवर तिला काय हवंय ते विचारा. माझा अंदाज, चांगलं शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक. मंद महिन्याच्या निव्वळ कमाईच्या निम्म्याहून जास्त हप्ता नसावा, असं मी धरतो. म्हणजे तिच्यासाठी 1,200. मुद्राच्या 50,000 पर्यंतच्या 'शिशु' गटातून 35,000 घेतले, तर 3 वर्षांसाठी 12 टक्क्यांनी हप्ता 1,160 च्या आसपास येतो. वरचे पैसे तुम्ही घाला. मदत करायचीच आहे तर ती अशी करा.

पतपेढीला एकच प्रश्न विचारा: 10 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर? फ्लॅट असेल तर 3 लाखांवर 5 वर्षांत दीड लाख व्याज होतं आणि हप्ता 7,500, म्हणजे बँकेच्या 12 टक्क्यांहून महाग. पतपेढी बहुधा जामीनदारही मागते. मुलीने थकवलं तर जामीन राहिलेल्या नातेवाइकाकडून पूर्ण रक्कम वसूल होऊ शकते, हे त्याला सही करण्याआधी सांगा.

बँकेची परीक्षा द्यायची की नाही, हेही तिलाच विचारा. पुढचं पत्र तिने लिहावं, सोबत वहीची पानं पाठवावीत.