भूपट्ट सीमेचा छेद काढताना आधी प्रमाण ठरवा

पहिला छेद ईशान्य जपानचा काढ. तिथे पॅसिफिक भूपट्ट पश्चिमेकडे जपानखाली सरकतो आणि सगळं चित्र स्वच्छ दिसतं.

आडवं आणि उभं प्रमाण एकच ठेव, 1 सेंमी म्हणजे 50 किमी. जिथे हा भूपट्ट खाली वळतो तिथली समुद्रतळावरची खोल घळ, म्हणजे जपान गर्ता, साधारण 8 किमी खोल आहे, म्हणजे कागदावर जेमतेम दीड मिलिमीटर. ती खोल दिसावी म्हणून फक्त उभं प्रमाण ताणलंस, तर खाली जाणाऱ्या भूपट्टाचा उतारही खोटा होतो. गर्ता मोठी दाखवायचीच असेल तर बाजूला वेगळी चौकट कर.

भूपट्टाची रेघ गर्तेपाशी जवळजवळ आडवी सुरू कर, मग हळूहळू कललेली ने. ती सुमारे 100 किमी खोलीला पोचेल, तिथून सरळ वर ज्वालामुखींची रांग येते. गर्तेला चिकटून ज्वालामुखी काढणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. भूपट्ट वितळून लाव्हा बनतो असंही दाखवू नकोस. त्यातून सुटलेलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं, त्यामुळे तिथला खडक कमी तापमानाला वितळतो. पाण्याचे बाण नक्की काढ.

भूकंपाचे ठिपके रेघेच्या कलाने जाऊ देत: गर्तेजवळ उथळ, जपानी समुद्राखाली 300 किमीपेक्षा खोल. 700 किमीखाली एकही नको. वरच्या भूपट्टात मात्र थोडे उथळ ठिपके ठेव, तिथेही भूकंप होतात. रेघेच्या कलाने जाणारा ठिपक्यांचा हा तिरका पट्टा वादाती आणि बेनिऑफ या भूकंपशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखतात.