टोपीच्या सावलीतले डोळे वाचवायचे तर उजेड कुठून आला ते आधी बघा

> आजोबांचा शेतातला फोटो आहे, भर दुपारचा. टोपीच्या कडेमुळे डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. Shadows पूर्ण वाढवलं तर चेहरा राखाडी आणि खोटा वाटतो. रॉ फाइल आहे. पंचाहत्तरीला मोठी फ्रेम करायची आहे. काही होईल का?

रॉ आहे म्हणता, मग बहुतेक होईल. आधी एक चाचणी करा. Exposure दोन स्टॉप वाढवून डोळ्यावर झूम करा. पापणीची रेघ आणि बुबुळ वेगवेगळे दिसले तर काम होण्यासारखं आहे. सगळा एकच काळा, ठिपक्याठिपक्यांचा गोळा दिसला तर दुसरा फोटो शोधा. आधीच सांगतो, मी व्यावसायिक नाही, हौशी आहे, आणि लाइटरूमच वापरतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी असतील, उजेडाचं गणित तेच.

तुमची पोस्ट वाचून माझे बाबाच आठवले. क्लब क्रिकेटला ते वर्षानुवर्षं अंपायर होते, पांढरी मोठ्या कडेची हॅट घालून. त्यांच्या सत्कारासाठी मी सीमारेषेवर फोटो काढला, दुपारी साडेबाराला, डोळे अगदी तुमच्यासारखेच गायब. तेव्हा मला यातलं फार कळत नव्हतं, म्हणून एका स्टुडिओला दिला. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं, मीही पाठवला. (इथेच माझा निम्मा फोटो गेला. हाताशी रॉ असताना मी त्यांना दाबून लहान केलेली जेपेग दिली, आणि तशा फाइलमध्ये सावलीतला तपशील सगळ्यात आधी मरतो.) चार दिवसांनी १२ बाय १८ ची फ्रेम आली. डोळ्यांचा पांढरा भाग कागदासारखा पांढराशुभ्र, आणि दोन्ही बुबुळांत वर डावीकडे एकेक गोल पांढरा ठिपका. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मीच आहे, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यानंतरचा." तक्रार केली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सगळे असंच करून घेतात." सत्काराच्या टेबलावर तीच फ्रेम ठेवली गेली, आणि त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत मागे ते ठिपके आहेत. नंतर सगळं पुन्हा केलं, पैसे दोनदा गेले.

ते ठिपके खोटे का दिसत होते हे मला नंतर कळलं, आणि तुमच्या फोटोची किल्लीही तिथेच आहे. डोळा हा छोटा फुगीर आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसतं. वर टोपीची कड असेल तर वरचं आकाश झाकलेलं असतं, म्हणून बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागात अंधारच दिसायला हवा. उजेड येतो तो कडेच्या खालून: क्षितिजाजवळच्या आकाशाची पट्टी, उन्हातली जमीन, अंगातला पांढरा सदरा. म्हणजे चमक असलीच तर बुबुळाच्या मध्यावर किंवा त्याखाली, आडव्या फिकट पट्टीसारखी असते. बाबांच्या रॉमध्ये ती होती! स्टुडिओने तिच्या डोक्यावर नवा सूर्य काढला होता.

तेव्हा नवी चमक रंगवू नका, असलेली शोधा. मी केलं ते असं. उन्हातला गाल आणि डोळ्याखालची कातडी यांत साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट फरक होता. तो पूर्ण भरून काढला की टोपी आहे पण सावली नाही, असं विचित्र काहीतरी दिसतं. मी निम्माच भरला. सावलीच्या भागावर ब्रशने मास्क केला आणि फक्त तिथे Exposure दीड स्टॉप वाढवलं. टोपीची आतली बाजू मुद्दाम तशीच काळोखी ठेवली, कारण डोळे सावलीत का आहेत हे बघणाऱ्याला तीच सांगते. तुमचा चेहरा राखाडी होतोय त्याचं कारणही हेच असणार: सरसकट Shadows वाढवलं की टोपीची आतली बाजू, केस, भुवया, सगळंच उचललं जातं आणि खरा काळा कुठे उरतच नाही.

आता मास्कची कड. मऊ ब्रश घ्या असा सल्ला सगळे देतात. या कामात तो चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे टोपीची कड गालापासून दहा सेंटिमीटरवर असेल तर सावलीची धूसर किनार एखाद मिलिमीटरचीच पडते. चेहरा फोटोत १४०० पिक्सेल रुंद असेल तर ती किनार दहा पिक्सेलच्या आसपास. तिथे शंभर पिक्सेलचा मऊ ब्रश फिरवला की उन्हातल्या गालावर उजळ पट्टा उमटतो आणि सावलीच्या आत काळी रेघ उरते. असा पट्टा दिसला की समजा, ब्रश फार मऊ आहे. Feather कमी करून मोठ्या झूमवर कडेकडेने हाताने जा, बाहेर गेलेलं Subtract ने पुसा. Auto Mask मी बंद ठेवतो, सावलीतल्या नॉइजमुळे तो मध्ये बारीक ठिपके सोडत जातो.

उजळल्यावर रंग बिघडलेला दिसेल, घाबरू नका. सावलीत थेट ऊन नसतं, आकाशाचा निळा आणि जमिनीचा रंग असतो. बाबांच्या गालावर मैदानाच्या गवताची हिरवट झाक आली होती. त्याच मास्कमध्ये Tint किंचित किरमिजीकडे आणि Temp थोडं पिवळ्याकडे नेलं. तुमच्याकडे उभं पीक असेल तर हिरवट येईल, नांगरलेली माती असेल तर बहुधा उलट, तांबूस. उन्हातल्या गालाशी तंतोतंत जुळवत बसू नका, सावली जराशी थंडच राहू द्या.

शेवटी फक्त बुबुळांच्या खालच्या भागावर दुसरा छोटा मास्क, Exposure जेमतेम ०.४. ती फिकट पट्टी उठते आणि नजर जिवंत होते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला हात लावू नका. सावलीतला पांढरा उन्हातल्या गालापेक्षा गडदच असतो, तो गालाहून उजळ झाला की बाबांचं ऑपरेशन.

जाता जाता, फ्रेम मोठी करायच्या आधी त्याच ठिकाणी ४ बाय ६ ची एक प्रत काढून घ्या आणि ती घरातल्या भिंतीवर, घरच्याच उजेडात बघा. स्क्रीनवर छान दिसणारी सावली कागदावर हमखास गडद येते. मला त्या प्रतीनंतर मास्क आणखी ०.३ ने वाढवावा लागला होता. आणि फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या, "टचिंग करायचं नाही" असं लिहून. तोंडी सांगितलेलं काउंटरपलीकडे पोचत नाही.

जमलं तर एका डोळ्याचा शंभर टक्के झूमचा तुकडा इथे टाका, पट्टी आहे का ते बघून सांगतो.