ते फोटो पेजवरून काढ, सरांशी मी बोलते

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. आमच्या बालगृहातल्या मुलांचे फोटो कॉलेजच्या पेजवरून काढा, असं माझं पत्र प्राचार्यांकडे गेलं, सर तुझ्यावर चिडले, आणि पेज तू सांभाळतेस म्हणून मधल्यामध्ये तू अडकलीस. रविवारच्या शिकवणीला तू भर पावसातही येतेस, तेव्हा मुलांविषयीच्या मायेबद्दल तुला मी काही सांगायला नको. मुद्द्याचं बोलते.

वह्यावाटपाचा तो फोटो पुन्हा उघडून बघ. मुलं रांगेत उभी, चेहरे कॅमेऱ्याकडे. खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश, पत्ता, तारीख, वेळ. वर मजकुरात दोघांची नावं. सर म्हणतात, बालगृहाचा पत्ता गावाला माहीत आहे, त्यात लपवायचं काय? पत्ता गुपित नाहीच. अमुक मूल त्या पत्त्यावर आहे, हे गुपित आहे. बालकल्याण समिती एखाद्या मुलाला आमच्याकडे पाठवते ती कधीकधी घरातल्याच माणसापासून दूर ठेवण्यासाठी. तो माणूसही फेसबुक बघतो.

म्हणूनच बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 मध्ये अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील आणि फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर समिती लेखी कारण देऊन परवानगी देऊ शकते. अधीक्षकांनी मान डोलावली म्हणून ती मिळत नाही.

'मुलं तर आनंदानं उभी राहिली होती,' असं तू लिहिलंयस. अगं, राहणारच! हातात वही पडायची आहे, समोर पाहुणे आहेत, शेजारी काळजीवाहक ताई आहेत. कुठलं मूल म्हणेल की माझा फोटो नको? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ नसतो. हे मी दरवर्षी नव्या स्वयंसेवकांना सांगते आणि दरवर्षी कुणीतरी फोन बाहेर काढतंच.

आता काम. आधी जिथे जिथे ते फोटो आहेत त्या लिंकची यादी कर. फेसबुक, इन्स्टाग्राम, कॉलेजच्या वेबसाइटवरची गॅलरी, आणि सगळे विसरतात तो वार्षिक अहवालाचा पीडीएफ. यादीत फोटो चिकटवू नकोस, नाहीतर तीच यादी ग्रुपवर फिरेल. मग सरांकडून लेखी सूचना घेऊन पोस्ट काढ. चेहऱ्यावर इमोजी लावून भागत नाही, कारण गणवेश, भिंतीवरची पाटी, शेजारी उभा असलेला भाऊ, एवढ्यावरूनही ओळख पटते. गॅलरीतून फोटो काढला तरी मूळ फाइल सर्व्हरवर राहू शकते आणि जुनी लिंक चालू राहते, म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्यांना फाइलच पुसायला सांग. अहवालातली पानं बदलून पीडीएफ नव्यानं चढवायचा. शेवटी लॉगिन नसलेल्या फोनवर एकेक लिंक उघडून बघ. उघडली, तर काम झालेलं नाही. लोकांनी आधीच उतरवून घेतलेले फोटो आता परत येणार नाहीत. म्हणूनच उद्यावर ढकलू नकोस.

कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचं म्हणशील तर उपक्रम झाल्याचा पुरावा हवा, मुलांचे चेहरे नकोत. कॉलेजच्या आवारात वह्यांचे गठ्ठे बांधतानाचा तुमचा जिओटॅग फोटो चालेल. सोबत स्वयंसेवकांचं सह्यांचं हजेरीपत्रक आणि संस्थेच्या लेटरहेडवरचं, जावक क्रमांक आणि शिक्का असलेलं पत्र. पत्र मी देते, किती वह्या आल्या तो आकडा घालून. राष्ट्रीय सेवा योजनेच्या फाइललाही हेच लाव.

सर म्हणतील, ही बाई हट्टी आहे. आहेच. याच कारणावरून एका कॉलेजनं आमच्याकडे येणं बंद केलं आणि गणित शिकवणारी चांगली मुलं गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आमची दहावीची मुलं त्या वर्षी फार अडली. पण फोटो काढू देण्याच्या बदल्यात शिकवणी, हा सौदा मी मुलांच्या वतीनं करणार नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, मग कुणीतरी म्हणायला हवं. तिथे माझ्याशिवाय दुसरं कोण होतं, सांग?

तू सरांशी वाद घालू नकोस, तुझे अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. म्हणजे नाही म्हणणं तुलाही सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून तर पत्र प्राचार्यांच्या नावे लिहिलं, त्यावर आवक शिक्का घेतला आणि त्यात तुझा उल्लेख केला नाही. सरांना एवढंच सांग की लेखी सूचना द्या, मी लगेच काढते. आणि यादी झाली की आधी मला पाठव. सोमवारी मी स्वतः कॉलेजात येते आहे.

तुझी,
ताई