थंडरबर्डमध्ये उत्तराचा पत्ता वेगळा ठेवणे

प्रश्न: कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमचा गुळाचा व्यापार आहे. दराचे मेल माझ्या पत्त्यावरून जातात, पण उत्तरं पेढीच्या मेलबॉक्सात यायला हवीत. थंडरबर्डमध्ये कसं करायचं?

उत्तर: Account Settings उघडा, डावीकडे तुमच्या खात्याच्या नावावर क्लिक करा आणि उजवीकडच्या Reply-to Address या रकान्यात पेढीचा पत्ता टाका. त्यानंतरच्या प्रत्येक मेलला Reply-To नावाची ओळ जोडली जाते आणि समोरच्यानं रिप्लाय दाबला की प्रेषकाऐवजी तोच पत्ता भरला जातो. पाठवणारा म्हणून तुम्हीच दिसता. पत्ता नीट तपासून टाका, एक अक्षर चुकलं तरी उत्तरं भलतीकडेच जातील आणि तुमचा मेल मात्र व्यवस्थित गेलेला दिसेल. म्हणून तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर एक मेल पाठवा आणि तिथं रिप्लाय दाबून To मध्ये काय येतं ते बघा. स्वतःलाच पाठवून खात्री होत नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेवा: न पोहोचलेल्या मेलची सूचना या ओळीकडे बघत नाही, ती पाठवणाऱ्या पत्त्यावरच परत येते. एखाद्या गिऱ्हाईकानं रिप्लाय न दाबता नवा मेल लिहिला, तर तोही बहुधा तुमच्याकडेच येईल. त्यामुळं जुना मेलबॉक्स अधूनमधून उघडावाच लागतो.