ॲपवर नफा, लेजरमध्ये घट: इंट्राडे आणि डिलिव्हरीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: काका, माझ्याकडे पंचवीस हजार आहेत. त्यावर मार्जिन घेऊन लाखाचा सौदा करतो, दिवसाला चारेक. महिन्याभरात ॲपवर ४,१०० रुपये नफा दिसला, पण खात्यातले पैसे अडीच हजारानं कमी झाले. असं काऊन होऊन राहिलं? (सक्करदरा)

ॲपवरचा हिरवा आकडा बहुधा खर्च वजा करण्याआधीचा असतो. खरा हिशोब रोज ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो, आणि ती उघडून बघणारे फार थोडे. तुमचा एक सौदा उलगडून बघू. ५०० रुपयांचे २०० शेअर घेतले आणि ५०१ ला विकले. एक लाखाची खरेदी, एक लाख दोनशेची विक्री, नफा २०० रुपये.

आता खर्च. अनेक डिस्काउंट ब्रोकर इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या सौद्याला, ऑर्डरच्या रकमेच्या ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यातलं जे कमी ते घेतात. इथे येतानाचे वीस, जातानाचे वीस, म्हणजे ४०. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, इंट्राडेत फक्त विक्रीवर लागतो, ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. एक्स्चेंजचा आकार लाखाला साधारण तीन रुपये, दोन्ही बाजू मिळून ६. स्टॅम्प ड्युटी खरेदीवर ०.००३ टक्के, म्हणजे ३. सेबीची फी वीस पैसे. शिवाय ब्रोकरेज, एक्स्चेंजचा आकार आणि सेबीची फी यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आठ रुपये आणि काही पैसे. सगळं मिळून साधारण साडेब्याऐंशी रुपये. शेअर ४१-४२ पैसे वर गेला तरी तुम्ही अजून शून्यावरच.

कळमन्यात संत्र्याला भाव मिळो न मिळो, हमाली-तोलाई सुटत नाही. इथेही तसंच आहे. खर्च तुमच्या नफ्यावर लागत नाही, उलाढालीवर लागतो.

दिवसाला चार सौदे आणि महिन्यात वीस दिवस धरले, तर ऐंशी सौदे झाले. ऐंशी गुणिले साडेब्याऐंशी म्हणजे ६,६०० रुपये. ४,१०० मधून ६,६०० वजा करा, तुमचे अडीच हजार कुठे गेले ते कळेल. शेअर निवडण्यात तुम्ही वाईट नाही. सरासरी दर सौद्याला ५१ रुपये कमावता, पण तेवढ्यासाठी ८२ मोजता.

हे ६,६०० लाखावर लागले असं समजू नका. लाख तुमचे नाहीतच. तुमचे पंचवीस हजार आहेत, आणि त्यांच्यावर हा खर्च महिन्याला २६ टक्के होतो. मार्जिननं नफा वाढतो हे सगळे सांगतात. खर्चही त्याच पटीत वाढतो, ते कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट. सौदा लहान केला की खर्च वाचतो असं वाटतं, रुपयांत तो वाचतोही, पण टक्क्यांत उलट होतं. वीस हजारांच्या सौद्याला साधारण २१ रुपये लागतात, म्हणजे ०.१ टक्क्याहून थोडे जास्त. पाच लाखांच्या सौद्याला ते ०.०४५ टक्क्यांवर येतं, कारण वीस रुपयांची मर्यादा मोठ्या ऑर्डरलाच कामी येते. म्हणून मोठा सौदा करा, असा याचा अर्थ काढू नका. पंचवीस हजारांत तो बसतही नाही, कारण इंट्राडेला किमान २० टक्के रक्कम मार्जिन म्हणून स्वतःची लागतेच.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो, आई, डिलिव्हरीत एसटीटी चौपट आणि तोही दोन्ही बाजूंनी. मग इंट्राडेच स्वस्त नाही का? (इतवारी)

मुलाचं गणित एका सौद्यापुरतं अगदी बरोबर आहे, ताई. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर डीमॅट खात्यात घेऊन ठेवला की, लाखाच्या खरेदीवर १०० आणि विक्रीवर १०० असा एसटीटी जातो. स्टॅम्प ड्युटी १५ रुपये, एक्स्चेंजचे सहा, आणि विकताना डीमॅट खात्यातून शेअर निघाले की डीपी चार्जेसचे पंधरा-वीस. डिलिव्हरीचं ब्रोकरेज काही ठिकाणी शून्य असतं, तरी बेरीज २४० च्या आसपास जाते. इंट्राडेच्या जवळपास तिप्पट.

पण हे २४० किती वेळा द्यायचे? शेअर घेतला आणि वर्षभर ठेवला, तर एकदाच. वर्षाला पाव टक्का. सक्करदऱ्याचे आपले वाचक तीन सौद्यांतच, म्हणजे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत, तेवढे भरून मोकळे होतात.

दुसरा फरक मला खर्चाहून मोठा वाटतो. शेअर वर्षभर तुमच्याकडे असतो तेव्हा मागे एक कंपनी काम करत असते. ती माल विकते, नफा कमावते, कधी लाभांश देते. सगळ्या भागधारकांचं एकदम भलं होऊ शकतं. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनमध्ये कंपनीच्या कमाईत असं काय वाढणार? त्या वेळात एकाला मिळालेला रुपया बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशातून आलेला असतो, आणि दोघांच्याही खिशातून ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकार आपापला वाटा काढून घेतात. सगळ्या इंट्राडेवाल्यांची बेरीज म्हणून उणे बाजूलाच झुकते. निकाल, अमेरिकेचा बाजार, रात्रीची बातमी यांनी येणारी मोठी उडी बरेचदा बाजार बंद असतानाच येते, आणि ती इंट्राडेवाल्याला मिळतच नाही. अर्थात पडझडीचा फटकाही त्याला बसत नाही, हे मान्य केलं पाहिजे. आणि वाईट कंपनीचा शेअर डिलिव्हरीत घेतला तर खर्च वाचवून काहीच साधत नाही.

प्रश्न: दहापैकी सहा सौदे माझे बरोबर येतात. टार्गेट दीड रुपया, स्टॉपलॉस दीड रुपया. तरी महिना तोट्यात. सहा म्हणजे पास ना भाऊ? (कामठी)

शाळेत पास, बाजारात नापास. वरचाच ५०० रुपयांचा शेअर आणि २०० नग घेऊ. टार्गेट लागलं की ३०० मिळतात, स्टॉपलॉस लागला की ३०० जातात. खर्च साडेब्याऐंशी, आणि त्यात स्लिपेज धरा. मार्केट ऑर्डरनं घेताना वरचा भाव लागतो, विकताना खालचा. दोन्ही वेळा पाच-पाच पैसे सुटले तरी वीस रुपये गेले. शंभर रुपये सपाट धरू.

आता जिंकल्यावर २०० हाती येतात आणि हरल्यावर ४०० जातात. सहा जिंकले तर बाराशे आले, चार हरले तर सोळाशे गेले. दहा सौद्यांत चारशेचा तोटा. फक्त बरोबरीत सुटायला तुम्हाला तीनपैकी दोन सौदे बरोबर हवेत, म्हणजे ६७ टक्के.

टार्गेट आणि स्टॉपलॉस तीन-तीन रुपये केले, तर बरोबरीला ५८ टक्के पुरतात. दहा-दहा रुपये केले तर साडेबावन्न. खर्च तोच राहतो, सौद्याचा आवाका बदलतो. पण ५०० चा शेअर एका दिवसात दहा रुपये तुमच्या बाजूनं जायला तसा दिवस यावा लागतो, आणि तसे दिवस रोज चार येत नाहीत. म्हणून आवाका वाढवला की सौदे आपोआप कमी होतात. रोज काहीतरी केलंच पाहिजे ही सवय ज्याची सुटत नाही, तो पुन्हा दीड रुपयावर येतो.

सेबीनं जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. २०२२-२३ मध्ये शेअर बाजाराच्या रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होतं. तोट्यातल्या लोकांनी त्यांच्या तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के इतकी रक्कम नुसत्या खर्चात घातली, तर नफ्यातल्यांचा खर्च नफ्याच्या १९ टक्के होता. दिवसाला चार सौदे म्हणजे वर्षाला साडेनऊशेच्या वर. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते बघा.

स्वतःचं तपासायचं असेल तर ब्रोकरच्या रिपोर्टमधून तीन महिन्यांचे तीन आकडे काढा: खर्चाआधीचा नफा, एकूण चार्जेस आणि सौद्यांची संख्या. पहिल्या दोन्हींना तिसऱ्यानं भागा. खर्चाआधीची सरासरी कमाई चार्जेसच्या सरासरीपेक्षा कमी असेल, तर सौदे वाढवून ती भरून निघणार नाही, तोटा वाढेल. खर्चाआधीच उणे असेल तर चार्जेसला दोष देऊ नका, अडचण पद्धतीतच आहे.

प्रश्न: सव्वातीनपर्यंत तोटा दिसला की मी MIS चं CNC, म्हणजे इंट्राडेची डिलिव्हरी, करून टाकतो. उद्या वर येईलच. यात चूक काय? (महाल)

पूर्ण रक्कम खात्यात असेल तर नियमानं काहीच चूक नाही. लाखाची पोझिशन वीस हजारांच्या मार्जिनवर घेतली असेल, तर बदलताना उरलेले ऐंशी हजार लागतील. नसतील तर बदल होणार नाही, आणि ब्रोकर बाजार बंद व्हायच्या आत स्वतः सौदा कापेल, वर त्याचा दंडही लावेल. बदलल्यावर एसटीटी डिलिव्हरीच्या दरानं, दोन्ही बाजूंनी.

मला खटकतं ते वेगळंच. नफ्यातले सौदे तुम्ही त्याच दिवशी कापता आणि फसलेले घरी आणता. सहा महिन्यांनी डीमॅट खातं उघडून बघा, त्यात तुम्ही निवडलेला एकही शेअर नसेल, सगळे अडकलेले असतील. दीड रुपयासाठी घेतलेला शेअर वर्षभर ठेवण्यासारखा आहे का, हा प्रश्न सव्वातीनला विचारायचा नसतो.

आणि आधी विकून मग घेणाऱ्यांसाठी एक इशारा. शेअरला अप्पर सर्किट, म्हणजे त्या दिवसाची भावाची वरची मर्यादा, लागलं की विकणाराच उरत नाही, तुमची खरेदी होत नाही, आणि सौदा एक्स्चेंजच्या लिलावात जातो. तिथे भाव चढा लागतो, आणि फरक तुमच्या खात्यातून वळता होतो. सर्किट लहान असलेल्या शेअरमध्ये शॉर्ट करायला जाऊच नका.

प्रश्न: बुटीबोरीला नोकरी करतो. इंट्राडेत साठ हजार गेले. पगारावरच्या टॅक्समधून हे वजा होतील का? (मनीष नगर)

होणार नाहीत. शेअरमधल्या इंट्राडेचा नफा-तोटा सट्ट्याच्या व्यवसायात धरला जातो. हा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, आणि पुढे चार वर्षं नेता येतो. पगारातून नाही, आणि डिलिव्हरीतल्या भांडवली नफ्यातूनही नाही. डिलिव्हरीतला अल्पकालीन तोटा असता, तर तो अल्प आणि दीर्घ दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा झाला असता आणि आठ वर्षं पुढे नेता आला असता.

तोटा पुढे न्यायचा असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं. इंट्राडे असल्यामुळे नोकरदारांचा नेहमीचा फॉर्म चालणार नाही, ITR-3 लागेल. सीएकडे जाताना ब्रोकरचा टॅक्स रिपोर्ट न्या. त्यात इंट्राडे आणि डिलिव्हरी वेगवेगळे दाखवलेले असतात, आणि इंट्राडेवर दिलेलं ब्रोकरेज आणि एसटीटी खर्च म्हणून धरता येतो.